वस्तूंचे चार प्रकार ओळखताना या चुका टाळा: उदाहरण विहिरीच्या पाण्याचं

“विहीर माझ्या शेतात आहे, म्हणजे तिचं पाणी ही खाजगी वस्तू.” अर्थशास्त्राच्या पेपरात लिहिल्या जाणाऱ्या या उत्तरात मालकी आणि वर्ज्यता यांची गल्लत झालेली आहे, आणि बाकीच्या बहुतेक चुका याच गल्लतीतून निघतात.

वर्गवारीसाठी प्रश्न दोनच. एकाने वापरल्यावर दुसऱ्याला कमी पडतं का? ही प्रतिस्पर्धिता. पैसे न देणाऱ्याला वापरापासून प्रत्यक्षात रोखता येतं का? ही वर्ज्यता. दोन्हींना ‘हो’ असेल तर खाजगी वस्तू, दोन्हींना ‘नाही’ असेल तर सार्वजनिक वस्तू. कमी पडतं पण रोखता येत नाही, ते सामाईक संसाधन. रोखता येतं पण कमी पडत नाही, ती क्लब वस्तू.

आता विहीर घ्या. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क दिला. पण भूजल बांध ओळखत नाही. शेजाऱ्याने खोल बोअर घेऊन मोटर चालू ठेवली की तुमच्या विहिरीची पातळी खाली जाते आणि सातबारा दाखवून ते पाणी अडवता येत नाही. पाणी कमी पडतं, पण रोखता येत नाही. म्हणून जमिनीखाली असेपर्यंत ते सामाईक संसाधनच. तेच पाणी उपसून टँकरमध्ये भरलं की पैसे न देणाऱ्याला मिळत नाही आणि एकाने घेतलेलं दुसऱ्याला उरत नाही. तिथे ती खाजगी वस्तू झाली. म्हणून ‘पाणी कोणत्या प्रकारात?’ हा प्रश्नच अपुरा आहे; पाणी कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी विचारा.

दुसरी चूक म्हणजे सरकार पुरवतं ते सगळं सार्वजनिक समजणं. नगरपालिकेच्या नळाचं कनेक्शन तोडता येतं, पाणीही मोजकंच असतं. पुरवठादार सरकारी असला तरी गुणधर्म खाजगी वस्तूचे. याउलट हवामान खात्याने जाहीर केलेला पावसाचा अंदाज एकाने ऐकला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही आणि कुणाला ऐकण्यापासून रोखताही येत नाही. ती खरी सार्वजनिक वस्तू.

क्लब वस्तूबाबत गर्दी विसरली जाते. सभासदांचा पोहण्याचा तलाव मोकळा असताना क्लब वस्तू असतो. उन्हाळ्यात हात मारायला जागा नसेल तेव्हा प्रतिस्पर्धिता येते आणि तो खाजगी वस्तूकडे सरकतो.

सामाईक संसाधन म्हणजे नाश ठरलेलाच, असंही लिहू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षीच्या पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. त्यामुळे भूजल खाजगी झालं नाही; एकाचा उपसा आजही दुसऱ्याला कमी करतो. बदलला तो वापराचा नियम. समूह असे नियम स्वतः घडवून पाळू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा वस्तूचा प्रकार आणि तिच्या व्यवस्थापनाची पद्धत उत्तरात वेगवेगळी लिहा.