शनिवारी सेफ घेऊन येण्याआधी

सेफ म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, आणि त्यावरची हाडं-दात कागदावर उतरवून कोन मोजणं म्हणजे ट्रेसिंग. शनिवारी केस मांडायला येणार असाल तर शुक्रवारी रात्री बसून ते करू नका. ते आजच करून ठेवा, शुक्रवारी तीच फिल्म नव्या कागदावर पुन्हा ट्रेस करा, आणि दोन्ही घेऊन या. दोन्हींतला एएनबी, म्हणजे वरचा-खालचा जबडा एकमेकांच्या किती पुढे-मागे ते सांगणारा कोन, एका अंशाच्या आत जुळत नसेल तर कोणता खरा ते मला विचारू नका. आधी कोणता बिंदू सरकला ते शोधा. पुढे जे लिहिलंय ते त्या शोधासाठीच.

फिल्म पिशवीत टाकण्याआधी तिच्यातच खोट नाही ना ते बघा. कानातल्या दोन्ही दांड्यांच्या सावल्या एकमेकींवर आल्यात का? खालच्या जबड्याच्या दोन कडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने दिसताहेत का? कडा बऱ्याच लांब असतील तर डोकं वळलेलं होतं, आणि अशा फिल्मवर मधली रेघ काढणं म्हणजे अंदाजच. दाढा टेकल्यात का तेही बघा, कारण तोंड किंचित उघडं राहिलं तरी बी पॉइंट, म्हणजे हनुवटीच्या वरच्या हाडातल्या आत वळणाचा सगळ्यात खोल बिंदू, खाली आणि मागे जातो. अशी फिल्म परत करायची, पेन्सिलीने तिला सुधारायला बसायचं नाही.

आता स्केलचं. गेल्या महिन्यात एकाने एक्स-रे सेंटरवरून व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टू पेज’ करून छापून आणलं. नाकाच्या मुळाशी, नेझिऑनपाशी दिसणाऱ्या पट्टीवरचे १० मिलिमीटर कागदावर ८ भरत होते. चित्र लांबी-रुंदीत सारखंच लहान झालं असेल तर कोनांना काही होत नाही, पण मिलिमीटरमधली प्रत्येक गोष्ट खोटी ठरते. यंत्रातही थोडं मोठेपण असतंच. नळी डोक्याच्या मध्यरेषेपासून १५२ सेंटिमीटरवर आणि फिल्म मध्यरेषेपलीकडे १५ सेंटिमीटरवर असेल तर प्रतिमा साधारण १० टक्के मोठी येते. ते माहीत असतं, म्हणून धरून चालता येतं. झेरॉक्सवाल्याने किती टक्के केलं ते कोण सांगणार? तेव्हा पट्टी मोजल्याशिवाय एकही आकडा लिहू नका.

सामान फारसं नाही. मॅट ॲसिटेट शीट, 3H पेन्सिल, सेट स्क्वेअर, कोनमापक, खोडरबर. शिवाय त्याच मुलाचे प्लास्टरचे मॉडेल आणि बाजूने काढलेला फोटो. मॉडेल आणायला सगळे विसरतात. ते का लागतात ते पुढे येईलच.

बिंदूंमध्ये सेलाची, म्हणजे कवटीच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी बसते त्या खोबणीची, फार चिंता करू नका. तिचा मध्य डोळ्यांनी ठरवला तरी माणसामाणसांत फरक कमी पडतो. गोनिऑनला, म्हणजे जबड्याच्या कोपऱ्याला, खालच्या जबड्याच्या खालच्या कडेची आणि रॅमसच्या, म्हणजे त्याच्या उभ्या भागाच्या, मागची स्पर्शरेषा काढून त्यांच्यातला कोन दुभागायचा, की झालं. पोरिऑनच्या, म्हणजे कानाच्या छिद्राच्या वरच्या बिंदूच्या, जागी कानाच्या दांडीचा वरचा टोक-बिंदू घेत असाल तर तसं कागदावर लिहा, कारण खरा पोरिऑन दांडीच्या मागे-वर असू शकतो. वेळ घालवायचा तो नेझिऑन आणि ए पॉइंटवर.

नेझिऑन म्हणजे कपाळाचं हाड आणि नाकाचं हाड जिथे जुळतं त्या सांध्याचा सगळ्यात पुढचा बिंदू. लहान मुलांत तो सांधा काळ्या फटीसारखा दिसतो, मोठ्यांत पुसट होतो. फट दिसली नाही की हात आपोआप नाकाच्या मुळाशी सर्वांत खोल जाणाऱ्या वळणाकडे वळतो, आणि सांधा बहुतेक वेळा त्याच्या वर असतो. ए पॉइंट म्हणजे वरच्या जबड्याच्या पुढच्या काट्यापासून मधल्या दाताच्या हाडाच्या कडेपर्यंत जे आत वळण येतं त्यातला सगळ्यात खोल बिंदू. नेमकी इथेच गाल आणि नाकपुडीची सावली आडवी येते. हाड पातळ, फिल्म इथे काळवंडलेली, त्यामुळे नवखा माणूस सावलीची कडाच हाड समजून ट्रेस करतो. स्क्रीनवर बघत असाल तर ब्राइटनेस कमी-जास्त करून बघा: हाडाची रेघ जागेवरच राहते, सावली विरते.

हे एवढं ताणून का सांगते, त्याचा हिशेब एकदा हाताने करून बघा. नेझिऑनपासून ए पॉइंट सुमारे ५२ मिलिमीटर खाली आहे असं धरा. एसएनए म्हणजे सेला-नेझिऑन-ए हा कोन, एसएनबी तसाच बी पॉइंटचा, आणि दोन्हींतला फरक एएनबी. ए पॉइंट एक मिलिमीटर पुढे गेला की एसएनए जवळजवळ १.१ अंशाने वाढतो, आणि एएनबीही तेवढाच. बी पॉइंट सुमारे १०० मिलिमीटरवर असेल, तर त्याची एक मिलिमीटरची चूक ०.६ अंशाची. नेझिऑन दोन मिलिमीटर पुढे धरलात तर एसएनए २.२ अंशांनी आणि एसएनबी १.१ अंशांनी घटतो, म्हणजे एएनबी एका अंशाने कमी. जबडे होते तिथेच आहेत! स्टायनरने १९५३ मध्ये दिलेले एसएनए ८२, एसएनबी ८०, एएनबी २ हे आकडे पाठ असतात सगळ्यांना. पण एक मिलिमीटर पेन्सिल हलली तर एएनबीचा अर्धा जातो, हे फारसं कुणाला आठवत नाही. शिवाय ते आकडे अमेरिकी गोऱ्या चेहऱ्यांवरून आलेत. आपल्याकडची मुलं पुढचे दात थोडे अधिक पुढे घेऊनच येतात, तेव्हा पुढच्या दातांच्या कलाचा, वरच्याचा २२ आणि खालच्याचा २५ अंश, आकडा ओलांडला म्हणून लगेच लाल पेन काढू नका.

एएनबीची ही अडचण ओळखूनच जेकब्सनने १९७५ मध्ये विट्स हे मोजमाप मांडलं. नाव विटवॉटर्सरँड विद्यापीठावरून, कुणा माणसावरून नाही. यात नेझिऑन लागतच नाही. ए आणि बी पॉइंटवरून चावण्याच्या पातळीवर लंब टाकायचे आणि त्या दोन पायांमधलं अंतर मोजायचं: स्त्रियांत जवळजवळ शून्य, पुरुषांत बीचा पाय एक मिलिमीटर पुढे. म्हणून विट्स जास्त विश्वासाचं, असं मात्र म्हणू नका. ए आणि बीमध्ये उभं अंतर ४८ मिलिमीटर असेल तर पातळी एक अंश हलली की विट्स ०.८ मिलिमीटरने हलतं. नेझिऑनचा त्रास गेला आणि पातळीचा आला, एवढंच. ही पातळी दाढा-उपदाढांच्या जुळणाऱ्या टोकांतून घ्यायची असते, पुढच्या दातांना तिच्यात जागा नाही. फिल्मवर डावी-उजवी टोकं एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून मॉडेल हातात धरून कोणतं टोक कुठलं ते ठरवायचं.

हे सगळं एका मुलीवर बघा. धायरीकडून आलेली, वय १२, पुढचे वरचे दात पुरते न उतरलेले, चावताना पुढे दोन मिलिमीटर फट. ज्युनिअरने सॉफ्टवेअरमध्ये टाकलेले बिंदू असे बोलत होते: एसएनए ७९, एसएनबी ७३, एएनबी ६, विट्स अधिक ३. दोन्ही मोजमापं एकाच दिशेला, मग त्याला शंका कशाला येईल! केसपेपरवर ‘स्केलेटल क्लास टू’, म्हणजे खालचा जबडाच मागे, पुढे ‘ट्विन ब्लॉक’, म्हणजे तो जबडा पुढे धरणारं उपकरण, आणि खाली सहीसुद्धा.

“मॉडेल बघितलंस का रे?” मी विचारलं.

“मॅडम, खोक्यात आहेत.”

खोक्यातून काढली. उजवीकडची दाढ व्यवस्थित क्लास वन, म्हणजे वरच्या-खालच्या दाढा नीट जुळलेल्या, डावीकडची पाव दाताने मागे. विट्स अधिक ३ असलेल्या तोंडात असं क्वचित दिसतं. मग पातळी तपासली. सॉफ्टवेअरने दाढ आणि पुढच्या दातांच्या मधला बिंदू जोडून पातळी काढली होती, आणि या मुलीचे वरचे पुढचे दात वरच राहिल्यामुळे तो बिंदू वर गेला होता. म्हणजे पातळी खऱ्यापेक्षा सपाट. तिचा एसएनशी कोन २० अंश येत होता. दाढा-उपदाढांमधून रेघ मारली तर २४. चार अंशांचा फरक, आणि विट्स अधिक ३ वरून उणे अर्ध्यावर आलं.

आता एएनबी ६ आणि विट्स उणे अर्धा. यातलं एक खोटं आहे असं मनात आणू नका. सहा अंश खरे आहेत, दोन्ही ट्रेसिंगमध्ये तेच आले, नेझिऑनही जागेवर होता. विट्सही खरं. मग तिसरा आकडा बघायचा, एसएन रेघ ते गोनिऑन-नेथिऑन, म्हणजे खालच्या जबड्याच्या कडेची रेघ, यांतला कोन, ज्याची सरासरी ३२. तिचा ४० होता. जबडा खाली-मागे फिरलेला आहे. जबडा फिरला की बी पॉइंट मागे जातो, नेझिऑनवरून बघणाऱ्याला एएनबी मोठा दिसतो. चावण्याची पातळीही त्याच दिशेने उताराची होते, म्हणून तिच्यावरून मोजलं की जबडे जुळलेले दिसतात. फोटोत खालचा चेहरा लांब आणि ओठ मिटताना हनुवटीवर सुरकुत्या, तेही याच्याशी जुळतं. एएनबी सांगतो की हनुवटी मागे आहे, विट्स सांगतं की चावण्याच्या पातळीवरून बघितलं तर जबड्यांचं भांडण नाही, आणि ४० सांगतो की मागे का आहे.

म्हणून शनिवारी उभे राहाल तेव्हा हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहून आणा, आणि त्यातला एक दुसऱ्याशी भांडत असेल तर का, ते खाली एका वाक्यात. मानेचे मणके, दुसरा ते चौथा, त्याच फिल्मवर फुकटात दिसतात. त्यांच्या खालच्या कडा आत वळू लागल्यात की नाही तेही टिपा, वाढ किती उरली ते आपल्याला लागणारच आहे. घशातल्या श्वासमार्गाची सावली रुंद-अरुंद मोजत बसू नका, एका सपाट चित्रावरून त्याचा निकाल लागत नाही.

त्या मुलीच्या कागदावर शेवटी असं लिहिलं: ‘उभ्या वाढीचा चेहरा, जबडा खाली-मागे फिरलेला, दाढा जवळजवळ क्लास वन, दाढा वर येतील असं काही द्यायचं नाही.’ ट्विन ब्लॉक खोडला, कारण त्याने मागच्या दाढा उगवू दिल्या असत्या तर ४० चा ४२ झाला असता आणि हनुवटी आणखी मागे गेली असती. ज्युनिअरने आता मॉडेलच्या खोक्यावर मार्करने लिहून ठेवलंय: ‘आधी मला उघड.’