तिरफळाची बी आणि ‘घाटी’ : खवचट कमेंटला रीलमधून उत्तर देताना या चुका टाळा

समजा, म्हार्दोळची एक ताई बांगड्याच्या हुमणाची रील टाकते. नारळ, सुक्या मिरच्या, धणे, हळद यांचं वाटप, त्यात सोलं आणि शेवटी तिरफळं. दुसऱ्या दिवशी खाली कमेंट येते: “तिरफळाची बी काढायची असते एवढं पण माहीत नाही? येत नसेल तर गोव्याच्या जेवणाचं नाव कशाला खराब करतेस? घाटी.” त्याखाली तीस-चाळीस लाइक. आता तिचा अंगठा रिप्लायच्या शेजारच्या रील बनवण्याच्या बटणावर जातो. गोव्यातून मराठीत व्हिडिओ करणाऱ्या कितीतरी जणांचं काम मी एडिट करून देतो आणि बहुतेक चुका या बटणाच्या आधीच्या पाच मिनिटांत झालेल्या दिसतात.

पहिली चूक निवडीची. कमेंट किती झोंबली यावरून व्हिडिओ करायचा की नाही हे ठरवलं जातं. त्याऐवजी कमेंट कागदावर उतरवून घ्या आणि त्यातलं माणसाबद्दलचं सगळं खोडून टाका. वरच्या कमेंटमधून “एवढं पण माहीत नाही”, “येत नसेल तर”, “नाव खराब” आणि “घाटी” गेलं, तरी एक प्रश्न उरतो: तिरफळाची बी काढायची का? हा प्रश्न आणखी शंभर जणांना पडलेला असू शकतो, म्हणून या कमेंटवर व्हिडिओ होऊ शकतो. खोडून झाल्यावर काहीच उरलं नाही, तर व्हिडिओही नाही. कमेंट लपवा आणि पुढे चला. धमकी असेल, अंगावर घाण लिहिलेली असेल, तर ते उत्तर देण्याचं प्रकरणच नव्हे. आधी नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट आणि ब्लॉक करा, गरज पडली तर पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. उलट क्रम केलात, तर कमेंट गेली आणि पुरावाही गेला.

“गोव्यात राहून मराठीत कशाला बोलतेस?” ही कमेंट मात्र वेगळ्या जातीची. यातून प्रश्न उरतो, पण तो हुमणाच्या रीलमध्ये सुटणारा नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठी वापरायची मुभा राहिली. त्यावरचा वाद अजून संपलेला नाही आणि तुमच्या चाळीस सेकंदांत तो संपणार नाही. कायद्यावर चॅनल चालवत असाल तर जरूर बोला. मासे शिजवत असाल तर मासे शिजवा.

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते आणि ती चूक आहे हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबच्या रिप्लाय सोयीतून व्हिडिओ केला की ती कमेंट स्टिकर होऊन पडद्यावर येते आणि सोबत लिहिणाऱ्याचं नाव झळकतं. तुमचे वीस हजार फॉलोअर, त्याचे साठ. तुम्ही कितीही गोड बोललात तरी तासाभरात तुमचे चाहते त्याच्या फोटोंखाली जाऊन शिव्या घालतात. तुमचा शांतपणा मग कुणाच्या लक्षात राहणार? गोवा लहान आहे. त्या नावाचा माणूस कोणाचा मावसभाऊ, कोणत्या शाळेत शिकवतो, हे कुणीतरी लगेच सांगतं.

कमेंट निरुपद्रवी असेल, एखादा साधा प्रश्न असेल, तेव्हा स्टिकर चांगलाच. विचारणाऱ्याला सूचना जाते, त्याला बरं वाटतं. खवचट कमेंटला मात्र मी स्टिकर लावू देत नाही. नाव झाकून स्क्रीनशॉट लावला तरी पुरत नाही, कारण मूळ व्हिडिओखाली तेच शब्द शोधले की माणूस सापडतो. म्हणून प्रश्न आपल्या शब्दांत मांडायचा आणि व्हिडिओ टाकण्याआधी ती मूळ कमेंट लपवून ठेवायची. कमेंट करणाऱ्याला उत्तर पोचावं असं खरंच वाटत असेल, तर लपवण्याआधी तिच्याखाली एक ओळ लिहा: “बीबद्दल बरोबर आहे तुमचं, उद्या दाखवते.”

आता प्रत्यक्ष उत्तर. बहुतेक जण सुरुवात कमेंट वाचून दाखवण्यापासून करतात, आणि वाचताना आवाज नकळत लिहिणाऱ्याची नक्कल करू लागतो. किंवा मग “काही लोकांना दुसरं काम नसतं” अशी प्रस्तावना येते. रील पाहणाऱ्यातल्या बऱ्याच जणांनी मूळ व्हिडिओ पाहिलेलाच नसतो. त्यांना पहिल्या तीन सेकंदांत एक चिडलेली बाई दिसते आणि ते पुढे सरकतात. पहिलं वाक्य उत्तराचंच हवं. आपल्या ताईचं उत्तर लिहून काढलं तर ते साधारण असं होईल:

“हुमणात घालताना तिरफळाची बी काढायची का? हो, काढायची. सुकं तिरफळ उघडलं की आत काळी चमकदार बी असते, ती चावली तर कचकच लागते आणि कडवट. मी बाजारातून बी काढलेली तिरफळं आणली होती, पण आधीच्या व्हिडिओत ते सांगितलं नव्हतं, म्हणून गोंधळ झाला. तुमच्याकडे बीसकट आली असतील तर अशी सोलून घ्या, टरफलं थोडी ठेचून पाण्यात घाला आणि मासे टाकताना हुमणात ओता. वाटपात वाटू नका, सगळं कडू होईल. चार बांगड्यांना सात-आठ पुरतात.”

हे सावकाश बोललं तर चाळीस सेकंदांच्या आसपास बसतं. यात माफी नाही आणि बचावही नाही. जे बरोबर होतं ते एका वाक्यात मान्य केलं आणि राहिलेला वेळ तिरफळाला दिला. कमेंट अर्धी बरोबर असताना ती पूर्ण चूक ठरवायला निघणं हा माणसाचा स्वभाव, पण जेवणाच्या व्हिडिओत तो लगेच पकडला जातो, कारण खाली आज्या बसलेल्या असतात आणि त्यांना बी काढायची असते हे माहीत असतं.

‘घाटी’ या शब्दाचं काय करायचं? इथेच बहुतेक उत्तरं घसरतात. “मी घाटी नाही, माझं माहेर फोंड्याचं, सासर म्हार्दोळचं, आमचं कुळदैवत इथलंच” असं बोलायची अतोनात इच्छा होते. बोलू नका. एक तर हुमण करायला आधी गोंयकारपणाचा दाखला हवा, ही त्या माणसाची अट तुम्ही मान्य करता. उद्या दुसरा कुणी आडनाव विचारील, तिसरा तालुका. आणि दुसरं म्हणजे बेळगाव, सावंतवाडी, कोल्हापूरकडून येऊन वास्को-म्हापशात राहिलेली कितीतरी मराठी माणसं तुमचे व्हिडिओ बघत असतात. “मी तसली नाही” म्हणालात की शिवी खरी ठरवून तुम्ही ती त्यांच्या अंगावर ढकललीत. त्या शब्दाला व्हिडिओत जागाच देऊ नका. अगदीच राहवलं नाही, तर शेवटी एक वाक्य, कॅमेऱ्याकडे बघून, साध्या आवाजात: “या पेजवर कुणाच्या गावावरून बोलायचं नाही, बाकी काहीही विचारा.” त्यावर पुन्हा स्पष्टीकरण नको.

याच्या उलटही होतं. कमेंटमधला अरे-तुरेचा सूर आपण अपमान समजतो. गोव्यात कोंकणीत विचार करून मराठीत लिहिणारा माणूस अनोळखी बाईलाही सहज ‘तू’ लिहितो. त्यामुळे वरच्या कमेंटमधलं “करतेस” सोडून द्या, “घाटी” मोजा. उत्तर मात्र ‘तुम्ही’ने द्या.

शब्द बरोबर लिहूनही चित्रीकरणात राग गळतो. आवाज पुसला तरी तो दिसतो आणि चित्र झाकलं तरी ऐकू येतो. म्हणून कच्चा व्हिडिओ दोनदा तपासायचा. एकदा आवाज बंद करून: बोट रोखलंय का, भुवई चढली आहे का, फोन खाली धरल्यामुळे वरून बघतोय असं वाटतंय का. मग फोन उलटा ठेवून नुसतं ऐकायचं: वाक्याच्या शेवटी आवाज आपटतोय का, वेग वाढलाय का. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चेहरा काढूनच टाकणं. कॅमेरा हातांवर ठेवा, तिरफळ सोलताना बोला. हात कामात असले की बोलणं आपोआप हळू होतं, आणि बी कशी निघते हे लोकांना प्रत्यक्ष दिसतं.

एवढं सगळं सांभाळून शेवटी वर मोठ्या अक्षरांत “ट्रोलला सडेतोड उत्तर” लिहिणारे आहेत. पार्श्वभूमीला ते टिंगलीचं म्युझिक लावणारेही. चाळीस सेकंदांची मेहनत त्या एका ओळीत जाते. वर “तिरफळाची बी काढायची का?” एवढंच लिहा. पुढच्या पावसाळ्यात कुणी हाच प्रश्न शोधला तरी व्हिडिओ उपयोगी पडेल. आपोआप येणाऱ्या मराठी सबटायटलवरही विसंबू नका. तिरफळाचं ते काय करतील सांगता येत नाही, हाताने टाइप करा.

व्हिडिओ गेल्यावर पहिला तास फोनजवळ बसा. स्वतः एक कमेंट लिहून वर पिन करा: मूळ रेसिपीत काय राहिलं होतं ते, आणि कमेंट करणाऱ्याला कुणी शोधत जाऊ नये ही विनंती. मूळ रीलच्या कॅप्शनमध्येही बीची दुरुस्ती घाला, नाहीतर जुन्या व्हिडिओखाली तीच कमेंट पुन्हा येत राहील. तो माणूस परत आला आणि नवा प्रश्न घेऊन आला, तर लिहून उत्तर द्या. नुसत्या शिव्या घेऊन आला, तर दुसरा व्हिडिओ करू नका. इन्स्टाग्रामवर त्याला रिस्ट्रिक्ट केलं की त्याच्या नव्या कमेंट तुम्ही मंजूर करीपर्यंत त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाहीत, आणि त्याला तशी सूचनाही जात नाही. यूट्यूबवर चॅनलवरून लपवण्याची सोय आहे. ‘घाटी’सारखे शब्द लपवलेल्या शब्दांच्या यादीत टाकताना देवनागरी आणि रोमी दोन्ही स्पेलिंग टाका, कारण इथे बहुतेक जण रोमीत लिहितात.

उत्तर जमलं की नाही हे लाइकवरून कळत नाही. भांडणाला लाइक जास्तच मिळतात. खालच्या पहिल्या वीसेक कमेंट वाचा. “हिरवी ताजी तिरफळं पण अशीच घालायची का?”, “तारल्यांना किती?” असं कुणी विचारत असेल, तर जमलं. “मस्त सुनावलंस ताई” असं दिसत असेल, तर ताईने कितीही हळू आवाजात म्हटलेलं असो, लोकांना त्यात भांडणच ऐकू आलं आहे. अशा वेळी व्हिडिओ खाली घ्या, शीर्षक, म्युझिक आणि पहिलं वाक्य तपासा, आणि नुसत्या हातांचा, तिरफळांचा भाग वेगळा काढून पुन्हा टाका.