सोमवारी सकाळी दहाला सगळ्यांना एकच मेसेज? या चुका टाळा

समजा, तुम्ही सांगलीत पुठ्ठ्याचे बॉक्स विकता. यादीत गणपती पेठेतले घाऊक दुकानदार, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार आणि विश्रामबागेतल्या ऑफिसांचे मॅनेजर आहेत. सोमवारी सकाळी दहाला तिघांनाही एकच व्हॉट्सॲप गेलं, उत्तर जवळपास कुणाचंच नाही. मग दोष मजकुराला दिला जातो. आधी वेळ तपासा.

दहाला दुकानदार शटर उघडून झाडलोट, पूजा करत असतो. भवानी व्हायच्या आधी कुणी काही विकायला आलेलं त्याला आवडत नाही, मेसेजमधूनही नाही. साडेअकरा ते साडेबारा ही वेळ बरी. दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून अडीचला पाठवाल, तर अनेक जण जेवून आडवे झालेले असतात. अमावास्येला नवा व्यवहार न करणारेही बरेच आहेत, म्हणून कॅलेंडर बघून घ्या.

कारखानदाराची सकाळ कोण कामावर आलं नाही आणि कुठलं मशीन बंद पडलं यातच जाते. त्याला तीनच्या सुमारास गाठा. एमआयडीसीची सुट्टी रविवारीच असते हेही गृहीत धरू नका. विजेच्या नियोजनामुळे बऱ्याच वसाहतींत ती आठवड्याच्या मधल्या वारी येते. गेटवरचा वॉचमन हे एका वाक्यात सांगतो.

ऑफिसच्या बाबतीत वारापेक्षा तारीख मोठी. महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार आणि टीडीएसचा भरणा, ११ ला मासिक जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी. या दिवसांत मॅनेजर आणि अकाउंटंट दोघेही वैतागलेले असतात. त्यामुळे १२ ते १४ किंवा २१ ते २५ या तारखांमधला मंगळवार ते गुरुवार निवडा. मार्चअखेरचा तर विचारही नको.

चूक वेळेची की आणखी कशाची, हे कसं ओळखायचं? दिवसभर एकच टिक राहिली तर मेसेज पोचलेलाच नाही; नंबर तपासा, वेळ बदलून उपयोग नाही. निळ्या टिका आल्या आणि उत्तर नाही, तर कदाचित गर्दीत वाचून तो खाली गेला. (काहींनी निळ्या टिका बंद केलेल्या असतात, त्यांचा हिशेब यात धरू नका.) खात्री करायला फक्त कारखानदारांची यादी घ्या. साठ नावं असतील तर तीस-तीस करा आणि तोच मजकूर, त्याच दिवशी, निम्म्यांना सकाळी दहाला आणि निम्म्यांना दुपारी तीनला पाठवा. एकीकडे दोन उत्तरं आणि दुसरीकडे तीन, यावरून काही ठरवू नका. पुढच्या महिन्यात दोन्ही गटांच्या वेळा उलट करून पुन्हा बघा.

आणि उत्तर किती वाजता आलं हेही नोंदवा. दुकानदार पुष्कळदा गल्ला मोजून झाल्यावर रात्री साडेनऊला 'रेट पाठवा' लिहितो. त्या वेळी फोन बघणारं कुणी नसेल, तर सकाळपर्यंत त्याने दुसऱ्याला विचारलेलं असतं.