फोनवर वाचताना डोळे शिणतात? आधी अक्षर, मग ओळी, शेवटी समास

ई-पुस्तकाच्या बऱ्याच ॲपमध्ये पानाच्या मधोमध एकदा टिचकी मारली की `Aa` असं बटण दिसतं. बहुतेक जण तिथे जाऊन अक्षर थोडं मोठं करतात आणि परत वाचायला लागतात. मग अर्ध्या तासाने डोळे चुरचुरायला लागले की अक्षर आणखी मोठं करतात. असं अंदाजाने करण्यापेक्षा अक्षराचा आकार स्वतःच्या डोळ्यांनुसार मोजून ठरवता येतो. ओळींमधलं अंतर आणि समास त्या आकारावर अवलंबून असल्याने ते नंतर ठरवायचे.

सुरुवात अंतरापासून करा. वाचताना तुम्ही चष्मा लावत असाल तर तो लावा आणि फोन डोळ्यांपासून साधारण ४० सेंटीमीटरवर धरा. हाताच्या कोपरापासून मुठीपर्यंत जवळपास एवढंच अंतर भरतं. वस्तू जितकी जवळ, तितका डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूंवर ताण जास्त, आणि दोन्ही डोळे आतही जास्त वळवावे लागतात. अक्षर बारीक असलं की फोन नकळत जवळ येतो, म्हणून खालची सगळी मोजणी याच अंतरावरून करायची.

आता फॉन्ट निवडून टाका. पर्याय फार नसतात, त्यामुळे यात वेळ घालवू नका. ज्यात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य पटकन वेगळे ओळखू येतात, तो चांगला. मात्र हे काम आकार ठरवण्याआधीच उरका. दोन फॉन्टमध्ये आकाराचा आकडा एकच असला तरी अक्षरं लहानमोठी दिसू शकतात, त्यामुळे नंतर फॉन्ट बदलला तर मोजणी पुन्हा करावी लागते.

अक्षराचा आकार

सलग संवादांचं पान नको, मोठ्या परिच्छेदांचं पान उघडा. समास सर्वात कमी ठेवा आणि अक्षर एकेक पायरी लहान करत जा. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार जेमतेम ओळखू येतात, त्याच्या पुढे नाही, अशा ठिकाणी थांबा. हा तुमच्या डोळ्यांचा तळ. इथे मजकूर वाचता येतो, पण एकेक शब्द निरखावा लागतो. न थांबता वाचायचं असेल तर अक्षर या तळाच्या निदान दुप्पट हवं.

दुप्पट झालं हे पट्टीशिवायही कळतं. तळाच्या आकाराला एका ओळीत किती शब्द मावतात ते मोजा. तीन-चार पूर्ण ओळी मोजून सरासरी घ्या, कारण मराठीत ‘तो’ही शब्द आणि ‘स्वातंत्र्यपूर्वकाळात’ही एकच शब्द. मग शब्दांची संख्या निम्मी होईपर्यंत अक्षर वाढवा. समास तोच असताना ओळीतले शब्द निम्म्यावर आले, म्हणजे अक्षर दुप्पट झालं.

समजा तुमच्या फोनवर तळाच्या आकाराला ओळीत १३ शब्द बसले. तर सहा-सात शब्द बसतील तिथे थांबायचं. दिवसभर स्क्रीनवर काम करून रात्री वाचत असाल तर आणखी एक पायरी वाढवा. ॲपमधल्या सर्वात लहान आकारातही अक्षरं तुम्हाला स्पष्ट दिसत असतील, तर तोच आकार तळ धरा.

वाढवण्यालाही हद्द आहे. ओळीत चारच शब्द उरले तर प्रत्येक वाक्य तीन-चार ओळींत तुटतं आणि नजर सारखी डावीकडे परतत राहते. दुप्पट आकाराला एवढेच शब्द मावत असतील, तर फोन आडवा धरा किंवा मोठ्या पडद्यावर वाचा. अक्षर पुन्हा लहान करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

ओळींमधलं अंतर

देवनागरीत हे अंतर रोमन लिपीपेक्षा थोडं सढळ लागतं. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. शिवाय ‘ट्ठ’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरं बऱ्याच फॉन्टमध्ये खाली उतरतात. वरच्या ओळीचा ‘द्धू’ आणि खालच्या ओळीचा ‘र्थी’ एकाखाली एक आले की दोन्हींची गर्दी होते. पानावर अशी जागा शोधा आणि त्या दोन अक्षरांच्या मध्ये स्वच्छ पांढरी फट दिसेपर्यंत अंतर वाढवा. ॲपमध्ये आकडे असतील तर १.५ पासून सुरुवात करा. नुसत्या तीन पायऱ्या असतील तर बहुधा मधली पुरते.

अंतर कमी पडतंय हे वाचतानाच कळतं. ओळ संपवून डावीकडे आलं की तीच ओळ पुन्हा वाचली जाते, नाहीतर एक ओळ सुटते. असं वारंवार झालं तर आणखी एक पायरी द्या. उलट, परिच्छेद सलग न दिसता ओळी सुट्या सुट्या दिसायला लागल्या तर एक पायरी मागे या.

समास

फोन उभा धरून वाचत असाल तर समास कमीच ठेवा. कडेला अंगठ्यापुरती जागा राहिली की झालं. वरच्या उदाहरणात सात शब्दांची ओळ बसली होती. तिथे हौसेने रुंद समास घेतला तर पाचच शब्द उरतील आणि अक्षर वाढवून मिळवलेलं सुख वाया जाईल.

आडव्या टॅबलेटवर गोष्ट उलटी. तिथे एका ओळीत १८ शब्दही मावतात, आणि इतक्या लांबून परतताना पुढची ओळ नेमकी सापडत नाही. अशा वेळी ओळ दहा-बारा शब्दांवर येईपर्यंत समास वाढवा किंवा दोन स्तंभांची मांडणी निवडा.

याच मेनूत मजकूर दोन्ही कडांना सरळ बसवण्याचा पर्याय असतो. फोनवर तो बंद करून मजकूर फक्त डावीकडे सरळ ठेवा. ओळीत शब्द थोडे असले आणि लांब शब्द तोडून पुढच्या ओळीत नेण्याची सोय ॲपमध्ये नसली, तर उरलेली जागा शब्दांमध्ये वाटली जाते आणि ओळीत भगदाडं पडतात. उजवी कड वेडीवाकडी दिसते, पण वाचताना तिची आठवणही राहत नाही.

बदल लागूच होत नसतील तर

बहुतेक वेळा फाइल पीडीएफ असते. त्यातलं पान ठरलेल्या मांडणीचं असतं. ते मोठं केलं की अख्खं पान फुगतं आणि ओळ पडद्याबाहेर जाते. तीच गोष्ट स्कॅन केलेल्या पुस्तकांची. त्याच पुस्तकाची ईपब आवृत्ती, म्हणजे अक्षराच्या आकाराप्रमाणे ओळी नव्याने मांडणारी फाइल, मिळते का ते पाहा. नाही मिळाली तर फोन आडवा धरा आणि पानाचे कोरे समास कापून टाकण्याची सोय ॲपमध्ये असल्यास ती वापरा.

ईपबमध्ये आकार बदलतो पण फॉन्ट किंवा ओळींचं अंतर हलत नाही, असंही होतं. प्रकाशकाने ते पुस्तकातच पक्कं केलेलं असतं. प्रकाशकाची मांडणी वापरण्याचा पर्याय सेटिंगमध्ये दिसला तर तो बंद करा.

सगळं बसलं की वीसेक मिनिटं सलग वाचा आणि मग फोन कुठवर आला आहे ते पाहा. चाळीसचं अंतर पंचवीसवर आलं असेल तर अक्षर अजून एक पायरी मागतंय. फोन जागेवर आहे, पण डोळे कोरडे पडून चुरचुरतात, तर स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटणं हे त्याचं नेहमीचं कारण. त्यावर मांडणीचा उपयोग नाही, मधूनमधून दूर बघून पापण्या पूर्ण मिटाव्या लागतात. आणि मोठं अक्षरही धूसर किंवा दुहेरी दिसत असेल, किंवा वाचताना रोज डोकं दुखत असेल, तर सेटिंगमध्ये वेळ न घालवता डोळे तपासून घ्या.