या चुका टाळा : ‘आय ॲम नोइंग’मागे लपलेला ‘आहे’

नोकरीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी लिहिलेला एक परिचय काही दिवसांपूर्वी माझ्याकडे तपासायला आला. त्यातला मजकूर असा होता : ‘आय ॲम बिलाँगिंग टू सातारा. वी आर हॅविंग अवर ओन फार्म. आय ॲम नोइंग टॅली अँड एक्सेल. आय ॲम वॉन्टिंग धिस जॉब बिकॉज आय ॲम लाइकिंग अकाउंट्स वर्क.’ स्पेलिंगची एकही चूक नव्हती, त्यामुळे संगणकातल्या स्पेलिंग-तपासनीसाला आक्षेप घेण्याचे कारण नव्हते. तरीही पाचही ठिकाणी क्रियापदाचे रूप चुकले होते, आणि पाचही ठिकाणी चूक एकच होती.

इंग्रजीत ‘नो’, ‘वॉन्ट’, ‘बिलाँग’, ‘लाइक’, मालकी सांगणारे ‘हॅव’ ही क्रियापदे कृती सांगत नाहीत, स्थिती सांगतात. ‘इंग’ लावलेले रूप घडत असलेली आणि पुढे संपणारी हालचाल दाखवते. टॅली येणे ही हालचाल नव्हे. ते एकदा आले की येतच असते, त्याला मधला टप्पा नसतो. म्हणून अशा स्थितिदर्शक क्रियापदांना इंग्रजीत साधा वर्तमानकाळ चालतो आणि चालू वर्तमानकाळ सहसा चालत नाही. हा नियम बहुतेकांनी शाळेत ऐकलेला असतो. तरीही लिहिताना हात ‘इंग’कडे का वळतो, हे समजून घेतल्याशिवाय ही सवय सुटत नाही.

त्या परिचयाची वाक्ये मनात मराठीतून कशी आली असतील, ते पाहू. ‘मी साताऱ्याचा आहे. आमची स्वतःची शेती आहे. टॅली आणि एक्सेल मला माहीत आहे. मला ही नोकरी हवी आहे.’ चारही वाक्ये ‘आहे’ने संपतात. शाळेत आपण ‘करत आहे’ म्हणजे ‘इज डुइंग’ हे समीकरण इतके घोटलेले असते की ‘आहे’ दिसले की ‘ॲम’ किंवा ‘इज’ लिहिले जाते, आणि त्यापुढे क्रियापद आले की ‘इंग’ आपोआप चिकटते. वास्तविक या चार वाक्यांतले ‘आहे’ हेच मुख्य क्रियापद आहे; ते चालू काळाचे साहाय्यक क्रियापद नाही. ‘माहीत आहे’ हे तर ‘करीत आहे’सारखेच ऐकू येते, पण ‘करणे’ असते तसे ‘माहणे’ नावाचे क्रियापद मराठीत नाही. त्यातला ‘त’ फसवा आहे. पाचव्या वाक्यात मात्र ‘मला हिशेबाचे काम आवडते’ असा साधा वर्तमानकाळच मनात असणार, त्यामुळे तिथला दोष मराठीवर टाकता येत नाही; चार ‘इंग’ लिहून झाल्यावर हात थांबला नाही, इतकेच.

दुसरी वाट याहून अवघड आहे, कारण तिथे मराठीत खरोखरच चालू काळ असतो. फोनवर आपण ‘तुमचा आवाज ऐकू येत नाहीये’ म्हणतो, वर्गात ‘मला समजत नाहीये’ म्हणतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्याचे शब्दशः केलेले ‘आय ॲम नॉट हिअरिंग यू’ आणि ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ इंग्रजीत खटकते. तिथे ‘आय कान्ट हिअर यू’ आणि ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हणावे लागते.

मग ओळखायचे कसे? यादी पाठ करण्यापेक्षा मराठी वाक्याची सुरुवात पाहणे अधिक उपयोगी पडते. वाक्य ‘मी’ने सुरू होते की ‘मला’ने? मला माहीत आहे, मला हवे आहे, मला आवडते, मला आठवते, मला वाटते, मला दिसते : या साऱ्यांत गोष्ट आपल्याकडे येते, आपण ती करत नाही. इंग्रजीत ती सगळी साध्या काळात जातात. उलट ‘मी विचार करतो आहे’ यात कर्ता ‘मी’ आहे, म्हणून ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’ अगदी बरोबर. पण ‘मला वाटते’साठी ‘आय थिंक’च हवे. इंग्रजी जिथे एकाच शब्दावर भागवते, तिथे मराठी बहुधा दोन शब्द वापरते. ‘आमटी खारट लागते’ आणि ‘ती आमटी चाखते आहे’ या दोन्हींसाठी इंग्रजीत ‘टेस्ट’च आहे, त्यांपैकी फक्त चाखण्याला ‘इंग’ लागतो. ‘हॅव’चेही तसेच. ‘आमची शेती आहे’ याला ‘वी हॅव अ फार्म’, पण ‘आम्ही जेवतो आहोत’ याला ‘वी आर हॅविंग लंच’ निर्धोक.

ही कसोटी दोन ठिकाणी फसते, हे ध्यानात ठेवावे. ‘मी त्याला ओळखतो’ आणि ‘माझा यावर विश्वास आहे’ यांत ‘मला’ नाही, तरी ‘नो’ आणि ‘बिलीव्ह’ स्थितीच दाखवतात. उलट ‘मला चक्कर येते आहे’ यात ‘मला’ आहे, तरी ‘आय ॲम फीलिंग डिझी’ चालते. शरीराच्या तात्पुरत्या जाणिवांना इंग्रजी बरीच सूट देते.

‘ओळखतो’वरून आणखी एक हट्टी चूक होते. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ हे वाक्य दिले की ‘पासून’ पाहून ‘आय हॅव बीन नोइंग हिम फॉर टेन इयर्स’ असे उत्तर येते, कारण कालावधी आला की ‘हॅव बीन’ आणि ‘इंग’ वापरायचे, असे शिकवलेले असते. तो नियम कृतींसाठी ठीक आहे. इथे ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ हवे. गंमत म्हणजे ‘आय हॅव बीन वॉन्टिंग टू मीट यू’ हे मात्र इंग्रजी भाषक सहज म्हणतात. मनात बराच काळ घोळत राहिलेली इच्छा त्यातून दिसते. मॅक्डोनाल्ड्सची २००३ सालापासूनची ‘आय ॲम लव्हिन इट’ ही ओळही हाच नियम मुद्दाम वाकवून ‘आत्ता, या घासाला’ असा अर्थ आणते. जाहिरातीला हे शोभते, अर्जाला नाही.

लिहून झालेला मजकूर तपासायचा असेल, तर Ctrl+F दाबून ing शोधावे आणि सापडलेल्या प्रत्येक शब्दाच्या आधी am, is, are, was, were किंवा been आहे का, ते पाहावे. नसेल तर बहुधा तो शब्द या चुकीत मोडत नाही. ‘अ हाउस बिलाँगिंग टू माय अंकल’ हे शुद्ध इंग्रजी आहे, कारण तिथे ‘बिलाँगिंग’ घराचे विशेषण म्हणून आले आहे. धास्तीने सगळेच ‘इंग’ खोडणारेही मी पाहिले आहेत. त्यात चांगली वाक्ये जातात.

त्या परिचयाची दुरुस्ती अखेरीस अशी झाली : ‘आय ॲम फ्रॉम सातारा. वी हॅव अवर ओन फार्म. आय नो टॅली अँड एक्सेल. आय वॉन्ट धिस जॉब बिकॉज आय लाइक अकाउंट्स वर्क.’ पहिल्या वाक्यात ‘आय बिलाँग टू सातारा’ न करता शब्दच बदलला, कारण ‘बिलाँग टू’ प्रामुख्याने मालकी किंवा सदस्यत्व सांगते. गावासाठी ‘फ्रॉम’ सरळ आहे, आणि ‘साताऱ्याचा’ यातला ‘चा’ त्यात नेमका उतरतो.