मिक्स मराठी-इंग्लिश मेसेज छोटा करताना मराठी कशी टिकवायची

देवगडच्या बाजूला आंबा बागायतदारांच्या ग्रुपवर सीझनमध्ये असले मेसेज रोज येतात:

"उद्याची मीटिंग कॅन्सल केलीय. थ्रिप्सचा अटॅक वाढलाय, सगळ्यांनी मोहोर चेक करा. स्प्रे मॉर्निंगलाच घ्या, दुपारी वारा सुटतो. सेफ्टी किट इज मस्ट. नो एन्ट्री इन ऑर्चर्ड फॉर २४ अवर्स आफ्टर स्प्रे. रेसिड्यू टेस्टचं सॅम्पल फ्रायडेपर्यंत ऑफिसला द्या, नाहीतर एक्स्पोर्टचा लॉट रिजेक्ट होईल."

आता हा कामगारांना थोडक्यात पाठवायचाय.

आधी मेसेजची भाषा ठरवा, आणि ती ठरवताना इंग्लिश शब्द मोजत बसू नका, क्रियापदं आणि प्रत्यय बघा. केलीय, वाढलाय, घ्या, द्या, होईल, शिवाय अटॅक'चा', फ्रायडे'पर्यंत', म्हणजे मेसेज मराठीच आहे, मधे दोनच वाक्यं पूर्ण इंग्लिश आहेत.

गडबड होते ती काटछाट करताना. आपण नामं तेवढी राखतो आणि 'छोटी' म्हणून क्रियापदं, प्रत्यय उडवतो, पण अशा मजकुरात मराठी नेमकी त्यांच्यातच असते, त्यामुळे उरतं ते असं: "मीटिंग कॅन्सल. थ्रिप्स अटॅक. मॉर्निंग स्प्रे. सॅम्पल फ्रायडे." कोणी मुद्दाम भाषा बदलली नाही तरी हे इंग्लिशच झालं, आणि अर्थही गेला, कारण सॅम्पल फ्रायडेला द्यायचं की फ्रायडेपर्यंत ते आता कळत नाही, आणि नाही दिलं तर लॉट जाईल हे तर गायबच.

म्हणून शब्द कापू नका, दोन-तीन वाक्यं एकत्र जोडा आणि प्रत्येक वाक्यात मराठी क्रियापद राहू द्या. 'म्हणून', 'नाहीतर' हे जोडशब्द ठेवाच. मधली पूर्ण इंग्लिश वाक्यं मात्र मराठीत सांगा, ती जशीच्या तशी उचलली की पुढचं वाक्यही हात आपोआप इंग्लिशमध्ये टाइप करतो:

"उद्याची मीटिंग कॅन्सल झालीय. थ्रिप्स वाढलेत म्हणून मोहोर बघा, स्प्रे सकाळीच सेफ्टी किट घालून घ्या आणि नंतर २४ तास बागेत कोणी जायचं नाही. रेसिड्यू टेस्टचं सॅम्पल शुक्रवारपर्यंत ऑफिसला द्या, नाहीतर एक्स्पोर्टचा लॉट रिजेक्ट होईल."

थ्रिप्स, स्प्रे, लॉट तसेच ठेवलेत, बागेत लोक हेच बोलतात. उगाच 'निर्यात खेप नाकारली जाईल' लिहिलं तर भाषा मराठीच राहते, पण गडी दोनदा वाचणार.

पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा वाचा. झालीय, नाही, होईल असं मराठी येत गेलं तर ठीक. अटॅक, स्प्रे, फ्रायडे असं येत असेल तर ते वाक्य परत लिहा.

कधी कधी अर्धा मेसेज पूर्ण मराठी आणि अर्धा औषध कंपनीचा फॉरवर्ड केलेला इंग्लिश मजकूर असतो, तिथे प्रत्ययांवरून ठरत नाही. मग पाठवणाऱ्याने स्वतः कोणत्या भाषेत लिहिलंय ते बघायचं आणि सगळा सारांश त्याच भाषेत करायचा, औषधाचं नाव आणि प्रमाण मात्र जसं दिलंय तसंच उतरवून.