माल पोचला, मग बिल कधी निघाले?

उधारीची मुदत बहुतेक करारांत बिलाच्या तारखेपासून मोजतात, माल पोचल्यापासून नाही. म्हणजे 30 दिवसांची मुदत असताना बिल 12 दिवसांनी निघाले, तर आपण प्रत्यक्षात 42 दिवसांची उधारी दिलेली असते. हे जादा 12 दिवस ग्राहकाने मागितलेलेही नसतात.

सुरुवात मोजण्यापासून करा. गेली वीस बिले काढा आणि प्रत्येकासमोर तीन तारखा लिहा: माल पोचला किंवा काम संपले ती, सही झालेली पोच कार्यालयात आली ती आणि बिल पाठवले ती. मधली तारीख चुकवू नका, कारण दिवस नेमके कुठे जातात ते तीच दाखवते.

समजा सरासरी 12 दिवस निघाले. त्यातले 7 दिवस पोच गाडीतच पडून होती आणि उरलेले 5 दिवस ग्राहकाचा ऑर्डर क्रमांक मिळेपर्यंत गेले. प्रत्यक्ष बिल करायला दहा मिनिटे लागली. अशा वेळी बिलाचे नवे सॉफ्टवेअर घेऊन फारसे काही साधत नाही. रोजची विक्री 20,000 असेल, तर 12 दिवसांचे 2,40,000 बिलाविनाच अडकलेले असतात. उशीर 2 दिवसांवर आणला की त्यातले 2,00,000 एकदाच, पण कायमचे मोकळे होतात.

पहिल्या अडथळ्यावर उपाय सोपा आहे. सही होताच पोचेचा फोटो जागेवरूनच कार्यालयात पाठवायचा. मूळ कागद मागून आला तरी चालतो. मात्र ग्राहकाला मूळ प्रतच लागते का, हे आधी विचारून घ्या.

दुसरा अडथळा काम सुरू होण्याआधीच दूर करावा लागतो. ऑर्डर क्रमांक, ठरलेला दर, बिलावरचे नाव आणि ते कोणाकडे पाठवायचे, एवढे हातात आल्याशिवाय माल सोडू नका. जादा काम निघाले तर त्याच दिवशी लेखी होकार घ्या. तीन आठवड्यांनी «हे सांगितलेच नव्हते» असे कोणी म्हणाले, तर दोघांनाही नीट आठवत नसते.

महिनाअखेरीस सगळी बिले एकदम करायची सवय मला सर्वांत महाग वाटते. 2 तारखेला पोचलेला माल त्यात चार आठवडे ताटकळतो. ग्राहक ठरावीक दिवशीच पैसे देत असेल आणि बिल त्या दिवसासाठी एका दिवसाने चुकले, तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. लांब चालणाऱ्या कामात टप्प्याटप्प्याने बिल करायचे हे करारातच ठरवून घ्या. ग्राहकाला महिन्याचे एकत्र बिलच हवे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते महिना संपताच पाठवा.

घाईत चुकीचे बिल मात्र जाऊ देऊ नका. ते परत आले की दुरुस्तीत दिवस जातात, आणि काही ग्राहक मुदतही नव्याने मोजतात. म्हणून परत आलेल्या बिलांचीही नोंद ठेवा. उशीर कमी होताना त्यांची संख्या वाढत असेल, तर तपासणी सुटते आहे असे समजा.

दर सोमवारी एकच यादी काढा: माल पोचला पण बिल नाही. दोन दिवसांपेक्षा जुन्या प्रत्येक नोंदीपुढे कारण आणि जबाबदार माणसाचे नाव लिहा.